स्टेटमेंट तारखेनुसार नाही, नावानुसार लावा

खात्यातून दर महिन्याला गुपचूप कापले जाणारे पैसे शोधायचे म्हटलं की लोक खाणं, प्रवास, करमणूक असे कप्पे पाडतात आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकते, कारण विसरलेलं सबस्क्रिप्शन करमणुकीच्या कप्प्यात आरामात लपून बसतं. कप्पे दोनच हवेत, हे पेमेंट मी स्वतः केलं की ते आपोआप कापलं गेलं.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट पीडीएफ नको, एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये डाउनलोड करा. तपशिलाचा कॉलम बी आहे असं धरा. रेफरन्स नंबर दरवेळी वेगळा असतो, म्हणून शेजारच्या रिकाम्या सी कॉलममध्ये तपशिलाची फक्त सुरुवातीची अक्षरं घ्या, डीमध्ये ती किती वेळा आलीत ते मोजा, दोन्ही फॉर्म्युले शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा आणि मग सीनुसार सॉर्ट करा.

```
=LEFT(B2,12)
=COUNTIF(C:C,C2)
```

सुरुवातीला नुसता पेमेंटचा प्रकारच लिहिलेला असेल तर 12 च्या जागी 20-25 करून बघा, नाहीतर सगळ्या नोंदी एकाच गठ्ठ्यात जातात.

माझ्या बहिणीच्या स्टेटमेंटमध्ये असंच एक अनोळखी नाव तिन्ही महिन्यांत निघालं, रक्कम 412, मग 418, मग 409. रक्कम सारखी नाही म्हणून ती म्हणे खरेदीच असणार, पण तारखा बघितल्या तर प्रत्येक वेळी महिन्याच्या 14 किंवा 15 लाच! परकीय चलनातलं सबस्क्रिप्शन होतं, विनिमय दर हलला की रक्कम हलते. आणि नाव अनोळखी कारण तिथे अ‍ॅपचं नाही, पैसे घेणाऱ्या कंपनीचं नाव येतं. अशा वेळी ते कंपनीचं नाव ईमेलमध्ये सर्च करायचं आणि त्या तारखेच्या आसपासचे मेल बघायचे, पावती बहुतेक सापडते, तिलाही तशीच सापडली.

आता जी नावं एकदाच आलीत तीसुद्धा सोडू नका. दर तिमाहीचं पेमेंट तीन महिन्यांत एकदाच दिसतं, आणि वार्षिक तर बहुतेक वेळा दिसतच नाही, त्यासाठी वर्षभराचं स्टेटमेंट काढून फक्त आपोआप गेलेल्या नोंदी चाळाव्या लागतात. क्रेडिट कार्डाचं बिल बँकेत एकच ओळ असते, आतली सबस्क्रिप्शन्स कार्डाच्या स्टेटमेंटमध्येच कळतात. अ‍ॅप स्टोअरचंही तसंच, एका नावाखाली चार-पाच अ‍ॅप्स असू शकतात, ती यादी स्टोअरच्या सेटिंगमध्येच मिळते.

सापडलं की आधी कंपनीकडे रद्द करा, कन्फर्मेशनचा मेल जपून ठेवा आणि मग बँकेतली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, काढून टाका. नुसती बँकेतली काढली तर करार चालूच राहू शकतो आणि थकबाकी मागे लागते. फोनमधून अ‍ॅप उडवून तर काहीच थांबत नाही. कार्ड बदललं म्हणजे आपोआप बंद झालं असंही धरू नका, नव्या कार्डावरूनही पैसे कापले जाणं चालू राहू शकतं. त्यामुळे पुढच्या महिन्यात त्याच तारखेच्या आसपास, दोन-तीन दिवस मागेपुढे, ते नाव परत आलंय का ते बघा.