चीनच्या वाक्यापेक्षा बद्रचे कैदी सांगा

‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, असं पैगंबरांनी सांगितलंय.’

मुलींना शिकवा, हे पटवताना एका गुरुजींनी हे वाक्य वापरलं. त्यांची तळमळ भिडली, पण हे वाक्य नको होतं. त्याची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, अभ्यासकांनी कमकुवत ठरवली आहे; इब्न अल-जौझींनी तर ते बनावट हदीसांत, म्हणजे पैगंबरांच्या नावावर खपवलेल्या वचनांत घातलं. आमच्या कोकणातल्या गावात एका बैठकीत मी हेच चीनचं वाक्य बोललो, तर मुलीची शाळा सातवीनंतर थांबवू पाहणाऱ्या एका चाचांनी तिथेच अडवलं, ‘ही हदीस जईफ, म्हणजे कमकुवत आहे.’ पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

पुढच्या बैठकीत मी, मदिनेच्या मुसलमानांनी मक्केवाल्यांविरुद्ध जिंकलेल्या बद्रच्या लढाईनंतरची, इ.स. 624 ची गोष्ट सांगितली. सुटकेसाठी पैसे नसलेल्या पण लिहिता येणाऱ्या मक्केच्या कैद्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचं आणि मोकळं व्हायचं, अशी नोंद जुने इतिहासकार इब्न साद यांनी केली आहे. शिकवणारे मुसलमान नव्हते, कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते! शिवाय शिफा बिंत अब्दुल्ला यांनी पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांना लिहायला शिकवलं, हे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आहे. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘आठवीचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा?’