तिकीट बाप काढतो, हे विसरू नका

यंदा धान बरा झाला, गावच्या मंडळाने वडशाच्या कंपनीला नाटकाची सुपारी दिली आणि तुम्हालाही नाटक लिहायची हुक्की आली, तर विषय शोधत बसू नका. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत तो तयारच असतो: एकीकडे पोट्टीचं प्रेम, दुसरीकडे बापाचा शब्द. या दोघांचं भांडण रात्रभर पुरवायचं, एवढंच तुमचं काम.

फक्त एक गोष्ट गाठीला बांधा. तिकीट बाप काढतो. दिवसा शंकरपटात बैलांची शर्यत बघून, पाहुण्यांना जेवू घालून, बायको-पोरी आणि सासुरवाडीची माणसं घेऊन तो मंडपात येतो. त्याला खलनायक केलंत तर पुढच्या वर्षी मंडळ दुसरा लेखक बघेल. म्हणून बाप चुकलेला नको, नुसता अडकलेला हवा.

समजा, पाटलाची मुलगी आणि त्याच्याच सालदाराचा मुलगा. इथे जात, सातबारा, सालाचे पैसे काढलेत तर खरंच भांडण लागेल आणि ते चौथ्या अंकापर्यंत काही मिटायचं नाही. त्यापेक्षा वीस वर्षांपूर्वी वैनगंगेच्या पुरात एका मित्राने पाटलाचा जीव वाचवला होता, असं लिहा. पाटलाने तेव्हाच शब्द दिला, ‘माझी मुलगी तुझ्या घरी.’ झालं! आता पाटील जातीवर अडत नाही, उपकारावर अडतो आणि मंडपातला प्रत्येक बाप मान डोलावतो. कारस्थानाला मामा ठेवा. मामाला शिव्या घातल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

तिसऱ्या अंकात छातीत कळ. मुलीने ‘मी लग्न करीन तर त्याच्याशीच’ म्हणायला तोंड उघडलं की पाटलाने छाती धरायची. कळ बेताची हवी: मरायला नको, पण लांब वाक्यं बोलता आली पाहिजेत. या कळेची करामत बघा. मघापर्यंत प्रश्न होता, बरोबर कोणाचं? आता प्रश्न उरतो, बापाला मारणार कोण? मुलगी गप्प, ऑर्गनवाला सूर धरतो, बायांचे पदर डोळ्यांना. लगेच एक लावणी टाका. पहाटेच्या थंडीत माणूस नुसत्या रडण्यावर किती वेळ बसणार?

ही अक्कल मुंबईवाल्यांनाही आहे. 1995 सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये मुलीची आईच दागिने पुढे करून म्हणते, घेऊन जा हिला. नायक नाही म्हणतो; बाप देईल तेव्हाच नेईन. शेवटी रेल्वेच्या फलाटावर बाप मुलीचा हात सोडतो. हात त्यानेच सोडला, म्हणजे परवानगीचा मालक तोच राहिला. मराठा मंदिरात तो सिनेमा पंचवीस वर्षांहून जास्त चालला, तो काय उगाच?

नागराज मंजुळेंच्या नादाला मात्र लागू नका. 2016 च्या ‘सैराट’मध्ये पळून गेल्यावर सिनेमा संपतच नाही. हैदराबादची खोली, कामधंदा, संशय, भांडण, आणि मग माहेरची माणसं भेटी घेऊन दारात. पाहणारा रडायचंही विसरतो. तुमच्या प्रेक्षकाला मोकळं रडायचं असतं.

कोर्ट मॅरेजचा प्रवेशही नकोच. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची नोटीस 30 दिवस कार्यालयात लागते. घरी कळायला एवढा महिना रग्गड, म्हणजे नाट्य आहेच म्हणा. पण हरकत घ्यायला वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशी मोजकीच कारणं चालतात. पुरात दिलेला शब्द त्यात बसत नाही. एवढं कोणी रंगमंचावर वाचून दाखवलं तर पाटलाची कळ फुकट गेली समजा.

चौथ्या अंकात माणूस मारावा लागतो. कोणाला? त्या मित्राच्या मुलाला. मामाचा सुरा सालदाराच्या पोरावर उगारला जातो, हा मध्ये पडतो आणि मरता मरता दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. हिशेब चोख: शब्द कोणी मोडला नाही, नवरदेवच उरला नाही. पाटील आशीर्वाद देतो. मुलीचं काय म्हणणं होतं, ते अजूनही कोणी विचारलेलं नाही, पण आता पहाटेचे चार वाजलेत.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका नाटकाला माझ्या शेजारी एक काका बसले होते, सोबत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. कळ आली तेव्हापासून काका दुपट्ट्याने डोळे पुसत होते. ‘बापाचं मन कोणाले समजत नाही जी,’ मला म्हणाले. मी होकार भरला. पडदा पडला, दिवे लागले, तसे ते मागे वळून म्हणाले, ‘चाल वं बाई, मामा थांबून रायला.’

खुर्चीवर नुसती शाल होती.

‘चहाले गेली असंल,’ काका म्हणाले, आणि शालीची घडी घालू लागले.