दोन शब्दांमधली आडवी रेघ

‘डोमेन सुचत नसेल तर दोन कीवर्ड घ्या आणि मध्ये हायफन टाका. गूगलला शब्द वेगळे कळतात, साइट वर येते. लांबीचं टेन्शन नको, 63 अक्षरं चालतात. स्पेलिंगचंही नको, लोक लिंकवरूनच येतात.’ साइटसाठी नाव शोधणाऱ्याला असा सल्ला मिळतो.

हायफनचा सल्ला खरा आहे, पण तो पत्त्याच्या पुढच्या भागासाठी. तिरप्या रेघेनंतर पानाचं नाव येतं, तिथे शब्दांमध्ये हायफन ठेवा असं गूगल सांगतं. कुणीतरी तेच उचलून डोमेनला चिकटवलं. नुसत्या डोमेनमधल्या कीवर्डमुळे क्रमवारीत जवळपास काहीच फरक पडत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. उलट सप्टेंबर 2012 मध्ये त्यांनी निव्वळ कीवर्डच्या नावावर तरलेल्या सुमार साइट्स खाली ढकलल्या होत्या.

63 ही यंत्रणेची कमाल मर्यादा. तेवढं नाव फोनवर सांगून बघा. दोन शब्दांचं नाव बारा-चौदा अक्षरांत बसत नसेल, तर मी शब्द बदलतो.

खरी गोम स्पेलिंगमध्ये आहे. समजा, शब्द आहेत ‘वाचन’ आणि ‘नोंद’. जोडून होतं `vachannond`, दहा अक्षरं, लांबी छान. पण सांध्यावर दोन n आले. ऐकणारा त्यातला एक हमखास खातो. शिवाय ‘वाचन’ लोक vachan, wachan, vaachan, waachan असं चार तऱ्हांनी लिहितात, ‘नोंद’ nond किंवा nonda. चार गुणिले दोन, आठ रूपं. यातलं एकच तुमचं.

`vachan-nond` केलं तर n सुटतात, पण v-w तसाच राहतो आणि वर ‘डॅश की अंडरस्कोर?’ हा नवा प्रश्न येतो. (अंडरस्कोर डोमेनच्या नावात चालतच नाही, तरी विचारतात.) त्यातून बिनहायफनचं नाव दुसऱ्याचं असेल, तर हायफन विसरून पाठवलेली ईमेल त्याच्याकडे जाऊ शकते. लिंकवरून येणारे येतील. ईमेलचा पत्ता मात्र माणसं ऐकून लिहितात.

क्रम उलटा केला, `nondvachan`, तर n-n जातो, पण डोळा ‘नॉन’वर अडखळतो आणि v-w आहेच. म्हणून शब्दच बदलावा: `pustaknond`. अक्षरं दहाच, सांधा स्वच्छ, ‘पुस्तक’ बहुतेक जण एकाच तऱ्हेने लिहितात. रूपं उरली दोन. दुसरं, `pustaknonda`, मोकळं असेल तर तेही घेऊन पहिल्याकडे वळवायचं.

हायफन मी एकाच वेळी मान्य करतो: जोडल्यावर भलताच शब्द दिसतो, क्रम बदलूनही जात नाही आणि बिनहायफनचं नावही आपल्याच हातात आहे. तेव्हाही एकच हायफन. सुरुवातीला किंवा शेवटी तो चालत नाही.

नाव ठरलं की नोंदणीआधी तिघांना फोनवर फक्त एकदा सांगा आणि टाइप करून पाठवायला लावा. दोघांनी चुकवलं, तर यादीतलं पुढचं नाव घ्या.