सहर्ष कळविण्यात येते की

पतपेढीची प्रेसनोट 'सहर्ष' या शब्दाने सुरू होते आणि डेस्कवरच्या उपसंपादकापुरती तिथेच संपते. खाली आणखी दीड पान मजकूर असतो, पण तो फक्त संचालक मंडळ वाचतं, तेही आपापली नावं तपासण्यापुरतं. अशा नोटा लिहून देण्याचं काम माझ्यासारख्याच्या गळ्यात पडतं ते नेहमी एकाच वाक्याने: "दोन ओळी तर लिहायच्यात!" त्या दोन ओळी लिहायला चार दिवस लागतात. त्यातला अर्धा तास लिहिण्यात जातो आणि बाकीचा वेळ खोडण्यात.

उदाहरणाला एक छोटी पतपेढी धरू. नाव नको, तिचे आकडेही मी समजुतीपुरते घालतो. दादरला फुलबाजार आहे, एवढं मात्र खरं धरा. स्टेशनाबाहेर पश्चिमेला सूर्य उगवायच्या आत झेंडूचे ढीग लागतात, ते सगळ्या मुंबईला माहीत आहे. पतपेढी जवळच आहे आणि तिने नवी सेवा काढली आहे. सेक्रेटरींनी स्वतः तयार केलेला मसुदा असा येतो:

"सहर्ष कळविण्यात येते की, सभासदांच्या सर्वांगीण उन्नतीचा ध्यास घेतलेल्या आपल्या संस्थेने मा. चेअरमन यांच्या दूरदृष्टीपूर्ण नेतृत्वाखाली व सर्व संचालकांच्या मोलाच्या सहकार्याने अत्याधुनिक, तत्पर व ग्राहकाभिमुख बँकिंग सेवेचा शुभारंभ मान्यवरांच्या शुभहस्ते…"

पुढे सतरा नावं. सेवा कोणती, हे शोधायला टॉर्च लागते. ती सापडते शेवटून दुसऱ्या ओळीत, 'तसेच'च्या मागे लपलेली: "तसेच पहाटे ५ ते ८ वसुली काउंटर चालू राहील."

बातमी हीच आहे. मुंबईत पहाटे पाचला दूध मिळतं, चहा मिळतो. पण पैसे स्वीकारणारी पतपेढी उघडी असते, हे कुणी ऐकलेलं नसतं. मात्र 'काउंटर उघडलं' एवढ्यावर बातमीदार फार तर सिंगल कॉलम देईल. त्याचा पुढचा प्रश्न असतो, "का उघडलं?" आणि त्याचं उत्तर चेअरमनकडे नसतं. ते वसुली क्लार्ककडे असतं. म्हणून नोट लिहिणाऱ्याने केबिनमधला चहा घ्यावा, पण माहिती बाहेरच्या टेबलावरून घ्यावी. तिथे तीनच गोष्टी विचारायच्या: आधी काय अडत होतं, कुणाचं अडत होतं आणि हे तुम्हाला कशावरून कळलं?

क्लार्क रजिस्टर उघडतो. फुलबाजारातले कर्जदार १४०. गेल्या तीन महिन्यांत हप्ता चुकला ३८ जणांचा. त्यातल्या २६ जणांनी तो आठवड्याच्या आत आपणहून भरला; नोटीस नाही, फोन नाही. म्हणजे माणसं बुडवणारी नाहीत आणि पैसेही आहेत. मग उशीर कशाचा? क्लार्क मान वर न करता सांगतो, "आपण उघडतो साडेदहाला. त्यांचा माल तोवर संपलेला असतो, माणूस गाडीत बसून झोपलेला असतो."

झालं, इथे बातमी पूर्ण झाली. पतपेढीला शोध लागला की थकबाकीचं एक कारण कर्जदाराच्या खिशात नसून आपल्या शटरला होतं.

आता खरी परीक्षा. हे वाक्य संचालक मंडळापुढे वाचून दाखवायचं. मंडळात पहिल्यांदा शांतता पसरते, मग एक ज्येष्ठ संचालक समोसा खाली ठेवतात. "अहो, म्हणजे आपलीच चूक आपणच छापून आणायची?" त्यांना समजावावं लागतं की स्वतःचं कौतुक छापून आणायलाही जागा असते, ती जाहिरात विभागात, सेंटिमीटरच्या दराने. फुकट जागा हवी असेल तर वाचणाऱ्याला काहीतरी नवीन द्यावं लागतं. फुकट हा शब्द मंडळाला पटतो.

मग चेअरमनचं अवतरण. ते नेहमी तयारच असतं: "सहकार हा आमचा श्वास असून सभासद हेच आमचे दैवत आहे." या वाक्याची अडचण अशी की ते राज्यातल्या कुठल्याही संस्थेच्या चेअरमनच्या तोंडी बसतं, त्यामुळे उपसंपादक ते पहिलं कापतो. अवतरणासाठी माझी एकच कसोटी आहे: बोलणाऱ्याचं नाव झाकलं तरी वाक्य कुणाचं ते कळलं पाहिजे. बातमीत जी माहिती आधीच आली आहे ती अवतरणात परत नको. तिथे कारण हवं, कबुली हवी, नाहीतर पुढची अट हवी. यासाठी चेअरमनना 'अवतरण द्या' असं कधीही म्हणू नये. म्हटलं की ते उभे राहतात आणि भाषण सुरू होतं. नुसतं विचारावं, "साहेब, हे आधीच का नाही केलं?" मग ते चिडून जे बोलतात ते लिहून घ्यावं:

"अहो, हप्ता थकला की आम्ही त्यांना नोटीस काढायचो. आमचं दार बंद होतं, त्याची नोटीस आम्हाला कोण काढणार? तीन महिने चालवून बघू. उशिराचे हप्ते कमी झाले नाहीत, तर काउंटर बंद करू."

छापायचं ते हेच. सुरुवातीचं 'अहो' काढावं, बाकी हात लावू नये. नोटिशीचं वाक्य तर डोळ्यांत तेल घालून जपावं. मजकूर व्हॉट्सॲपवर चेअरमनना पाठवून 'ठीक आहे' असं लेखी उत्तर घ्यावं, कारण छापून आल्यावर 'मी असं बोललोच नव्हतो' हे वाक्यही तेवढ्याच सहजतेने येतं.

यानंतर मी लाल पेन घेऊन एकच शब्द शोधतो: बँक. सभासद पतपेढीला लाडाने बँक म्हणतात, चेअरमन अभिमानाने म्हणतात, आणि सेक्रेटरी 'बँकिंग सेवा' असं टाइप करून मोकळे होतात. बोलण्यात चालतं, नोटेत चालत नाही. पतपेढी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते आणि सहकार खात्याच्या निबंधकांच्या देखरेखीखाली असते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो. बँकिंग नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर हा शब्द वापरण्यावरचं बंधन आणखी घट्ट झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तर लोकांसाठी सूचनाच काढली, की काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावतात, ते नियमात बसत नाही आणि अशा संस्थांमधल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. परवाना असलेल्या बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ते मिळतं. त्यामुळे 'आपल्या ठेवी शंभर टक्के सुरक्षित' ही ओळही त्याच लाल पेनाने जाते. काउंटर हप्ते घेण्याचं असताना ही ओळ नोटेत आली कुठून, असं विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, "ती दरवेळी असते."

आणखी एक कात्री चालते ती 'सर्व व्यवहार'वर. पहाटे एकच क्लार्क आणि एकच रोखपाल बसणार. नवं कर्ज, ठेव, सोनेतारण यांतलं काहीही त्या वेळी होणार नाही. हे नोटेत लिहिलं नाही, तर पहिल्याच दिवशी साडेपाचला एखादी मावशी गळ्यातली माळ रुमालात बांधून हजर होते आणि दुसऱ्या दिवशीची बातमी तीच सांगते. सेवेत काय मिळणार नाही, ते मंडळाला कमीपणाचं वाटतं; बातमीदाराला मात्र त्यावरूनच कळतं की सेवा खरी आहे.

इतकी काटछाट झाल्यावर उरतं ते असं:

"दादर फुलबाजारातील विक्रेत्यांसाठी पतसंस्थेचे पहाटे ५ चे काउंटर

मुंबई : कर्जाचे हप्ते उशिरा येण्यामागे आपलीच कार्यालयीन वेळ असल्याचे लक्षात आल्याने दादरमधील एका पतसंस्थेने येत्या सोमवारपासून पहाटे ५ ते ८ काउंटर सुरू करण्याचा निर्णय घेतला आहे. संस्थेचे फुलबाजारात १४० कर्जदार सभासद आहेत. गेल्या तीन महिन्यांत हप्ता चुकलेल्या ३८ पैकी २६ जणांनी तो आठवड्याच्या आत स्वतःहून भरला होता. कार्यालय सकाळी साडेदहाला उघडते, तोपर्यंत यांतील बहुतेक विक्रेते घरी परतलेले असतात. पहाटे फक्त हप्ते स्वीकारले जातील व लगेच पावती मिळेल. इतर व्यवहार नेहमीच्या वेळेत होतील."

त्याखाली अवतरण, त्याखाली पत्ता आणि एकाच माणसाचा मोबाइल नंबर. माणूस असा हवा, जो अनोळखी नंबर उचलतो. 'एका पतसंस्थेने'च्या जागी अर्थातच नाव येतं, तेही एकदाच. सतरा संचालक कुठे गेले? ते स्वतंत्र कागदावर आहेत, शीर्षक 'संपादकांच्या माहितीसाठी'. हा कागद कुणी छापत नाही, पण मंडळाची झोप त्यावर अवलंबून असते.

पाठवतानाचे घोटाळे वेगळेच. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मजकूर कृतिदेवमध्ये टाइप होतो. तो फॉन्ट मराठी अक्षरं साठवत नाही, इंग्रजी कळांवर मराठी मुखवटा चढवतो. वर्तमानपत्राच्या कॉम्प्युटरवर मुखवटा नसला की 'सहकारी पतसंस्था' ऐवजी `lgdkjh irlaLFkk` दिसतं आणि मेल कचऱ्यात जाते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच चिकटवून पाठवायचा. लेटरहेडचा स्कॅन पाठवला तर उपसंपादकाला तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तो करत नाही. पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर एकदा उघडून पाहावं. तिथे वाचता आला, तर बहुतेक ठिकाणी येतो.

फोटो म्हणजे शाल, श्रीफळ आणि मागे बॅनर, ही समजूत मोडायला आणखी एक बैठक लागते. हवा असतो एकच फोटो: अंधार, उघडं शटर, आतला दिवा आणि टोपली खाली ठेवून पावती घेणारा सभासद. त्याची परवानगी घ्यावी आणि पावतीवरचा खातेक्रमांक दिसत नाही ना, ते पाहावं. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि छपाईला धुरकट येतो.

सप्टेंबर टाळलेला बरा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्याने त्या महिन्यात सगळ्याच संस्थांचे लाभांश आणि 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडलेल्या सभा डेस्कवर येऊन पडतात. मेल गेल्यावर फोन एकदाच करावा आणि "मिळाली का?" एवढंच विचारावं. "कधी छापताय?" विचारलं की छापत नाहीत.

आणि 'पाठवा'वर बोट ठेवण्याआधी व्यवस्थापकांना एक शेवटचा प्रश्न: पहाटे पाचला शटर उघडायची किल्ली कुणाकडे आहे? नोट तयार, अवतरण मंजूर, फोटो सुरेख, आणि किल्ली असते बदलापूरला राहणाऱ्या रोखपालाकडे. या काउंटरबद्दल त्यालाही कळायचं असतं ते वर्तमानपत्रातूनच.