शंभरात अठ्ठ्याहत्तर: टिप्स्टरचा हिशेब उलटून पाहताना

"आमच्या चॅनेलवरच्या शेवटच्या १०० टिप्सपैकी ७८ बरोबर आल्या, सरासरी भाव १.४०. सगळं खुलं आहे, वर स्क्रोल करून स्वतः मोजा. नशिबाने कुणी इतकं जिंकत नाही."

सामन्यांवर पैज लावण्यासाठी टिप्स, म्हणजे निकालाचे अंदाज, देणाऱ्या एका टिप्स्टरचा हा दावा. आधी भावाकडे बघू, कारण बहुतेक लोक टक्केवारी वाचून तिथेच थांबतात. भाव १.४० म्हणजे १ रुपया लावून जिंकल्यास मूळ रुपयासकट १.४० परत. सोयीसाठी धरू की प्रत्येक टिपवर १ रुपया लावला आणि प्रत्येक टिपचा भाव सारखाच होता. १.४० ने ७८ जिंकल्या तर १०९.२० परत येतात, म्हणजे ९.२० नफा. आता त्याच ७८ टिप्सना १.३० भाव मिळाला असं धरा: परत येतात १०१.४०. आणि १.२५ ने ९७.५०, म्हणजे चक्क तोटा. एकही निकाल बदलला नाही, फक्त भाव पंधरा पैशांनी उतरला. कमी भावाच्या टिप्समध्ये सगळी कमाई या चार-दोन पैशांतच असते.

मग १.४० हा भाव कुणाला मिळाला, कधी मिळाला? टिप्स्टर बहुधा त्या क्षणी कुठेतरी दिसलेला सर्वांत चांगला भाव लिहितो. तो खरोखर तिथे असला, तरी सगळे अनुयायी एकदम त्याच्यावर तुटून पडले की उतरतो. तपासायचं तर पैसे न लावता पुढच्या वीस टिप्स घ्या. टिप पडल्याची वेळ लिहा आणि स्वतःला दिसणारा भाव लगेच, मग दहा मिनिटांनी नोंदवा. सामना सुरू होतानाचा शेवटचा भावही लिहून ठेवा. टिप्स्टरचा भाव त्या शेवटच्या भावापेक्षा सातत्याने चांगला असेल, तर त्याला काहीतरी कळतं असं म्हणायला जागा आहे. पण लहान स्पर्धांत ही कसोटीही फसवते, कारण तिथे भाव खाली आणणारे पैसे त्याच्याच अनुयायांचे असू शकतात.

"स्वतः मोजा" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. मोजता येतं ते फक्त शिल्लक ठेवलेलं. हरलेल्या १८ टिप्स रात्री पुसल्या असतील तर खरा आकडा ११८ पैकी ७८, म्हणजे ६६ टक्के. लावले ११८, आले १०९.२०. ९.२० चा नफा इथे ८.८० चा तोटा होतो, आणि तो सुद्धा लिहिलेला भाव शंभर टक्के खरा मानून.

टेलिग्रामच्या सार्वजनिक चॅनेलवर याचा माग काही प्रमाणात काढता येतो. प्रत्येक संदेशाच्या लिंकच्या शेवटी क्रमांक असतो, उदाहरणार्थ t.me/channelname/412. ४१२ नंतर एकदम ४१५ आला तर मधले दोन कुठे गेले, हे विचारावं. एकत्र टाकलेले फोटो आणि चॅनेलच्या सूचनाही क्रमांक खातात, म्हणून एखाद्या फटीवरून आरोप करू नये. मात्र सामने संपल्यावर पुन्हा पुन्हा अशा फटी दिसू लागल्या, तर संशय रास्त आहे. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सामन्याआधी स्वतः वहीत उतरवलेली टिप. जिंकलेल्या तिकिटाचा फोटो निकालानंतर टाकला असेल तर तो मोजूच नये.

आता नशीब. भाव १.४० असेल तेव्हा बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे काहीही न कळणारा माणूस डोळे मिटून असे फेव्हरिट निवडत गेला, तरी १०० पैकी साधारण ७० बरोबर येतील. निव्वळ योगायोगाने ७८ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. दोनशे लोकांनी एकाच वेळी चॅनेल उघडले तर जवळपास दहा जण काहीही न कळता या आकड्यापर्यंत पोहोचतील. बाकीच्यांचे बहुतेक चॅनेल बंद पडतात किंवा नाव बदलून नव्याने सुरू होतात, आणि आपल्यापर्यंत फॉरवर्ड होऊन येतात ते हे दहा. एकाच माणसाने आठ चॅनेल उघडून तीन सामन्यांचे सगळे आठ अंदाज वाटून टाकले, तर एका चॅनेलवर तीनपैकी तीन बरोबर येणारच. जाहिरात त्याच चॅनेलची होते.

हे ७८ नशिबाने आले आहेत की कौशल्याने, हे मागच्या शंभरावरून सांगता येत नाही, कारण ते शंभर पाहूनच आपण त्या चॅनेलवर आलो. मोजणी आपण चॅनेल शोधल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करावी आणि आधीचं सगळं सोडून द्यावं. तीही शंभरावर थांबवू नये. ७० टक्क्यांच्या टिप्समध्ये शंभराच्या नमुन्यात चार-पाच टिप्स इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे; चारशेच्या नमुन्यात ही हेलकावणी टक्केवारीत निम्म्यावर येते. चारशे टिप्स, प्रत्येकीची वेळ, स्वतःला मिळू शकलेला भाव आणि हरलेल्यांची पूर्ण नोंद: इतकं हाती आल्यावर टिप्स्टरशी टक्केवारीबद्दल बोलता येईल.