नोकरी गेलेल्या मैत्रिणीला साखरपुड्याची बातमी कशी सांगायची?

ज्याची नोकरी गेली आहे त्याच्यापासून आपली आनंदाची बातमी लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. "आत्ता नको, त्याला वाईट वाटेल" असं आपण परस्पर ठरवतो आणि मग त्याला ती कोणाच्या तरी स्टेटसवरून कळते. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला सांगितलं नाही, हे फार लागतं. हे मी सांगू शकते, कारण नोकरी माझी गेली होती. हिंजवडीतला प्रोजेक्ट बंद झाला, थोडे दिवस बेंचवर बसवलं आणि मग एचआरने बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं. फ्लॅटचा हप्ता चालूच होता.

त्याच सुमारास माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरलं. तिने फोन केला नाही, मेसेज केला: "अगं, माझं ठरलं. पुढच्या महिन्यात साखरपुडा. घरच्यांनंतर तुलाच सांगतेय, ग्रुपवर उद्या टाकीन. लगेच उत्तर दे असं काही नाही, वाटेल तेव्हा फोन कर."

फोनवर त्या क्षणी आवाजात आनंद आणावा लागतो. ग्रुपवर तर पन्नास जणांच्या अभिनंदनात आपण गप्प आहोत हे लगेच दिसतं. त्या मेसेजमुळे मला एक रात्र मिळाली. मी रडले. तिच्यावर राग नव्हता, आपलंच सगळं थांबलंय असं वाटत होतं. सकाळी फोन केला तेव्हा मात्र मनापासून आनंद झाला होता, आणि मुलगा कसा आहे, कुठे भेटले, सगळं खोदून खोदून विचारलं.

तिने "तुझंही होईल गं सगळं नीट" असं एकदाही म्हटलं नाही. माझा सीव्ही कुठे पाठवायचा हा विषयही त्या दिवशी काढला नाही. तो नंतर वेगळा फोन करून काढला. बातमीसोबत मदत आली की ती भरपाईसारखी वाटते.

पैशाचं तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. मैत्रिणींनी एकसारख्या साड्या घ्यायचं ठरत होतं. "प्रत्येकीने घरातलीच नेसा" असं तिने सगळ्यांना सांगितलं, माझं नाव मध्ये न आणता. आणि मला आधीच विचारलं, "आईला तुझ्या नोकरीचं सांगू का? नाहीतर ती सगळ्यांसमोर विचारेल." मी हो म्हटलं. कार्यक्रमात काकूंनी मला फक्त जेवलीस का एवढंच विचारलं.

प्रमोशनचं थोडं वेगळं आहे, विशेषतः दोघं एकाच कंपनीत असाल आणि त्याच कपातीत त्याचं नाव आलं असेल तर. तरीही सांगा, ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणी सांगण्याआधी सांगा. पगारवाढीचा आकडा आणि टीममधल्या गोष्टी मात्र त्याने विचारल्याशिवाय काढू नका.