खड्डा, खडी आणि पाचवा टायर

एसयूव्हीचे टायर झिजले ही बातमी मालकाच्या आधी सोसायटीला कळते. मग पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ बसतं. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत या मंडळाचा निकाल एकच लागतो: "डोळे झाकून ए-टी टाका." ए-टी म्हणजे ऑल टेरेन. ज्यांची गाडी आयुष्यात मॉलच्या रॅम्पपेक्षा उंच चढलेली नाही, ते हे सर्वांत ठामपणे सांगतात. कारण विचाराल तर बोट घोडबंदर रोडकडे जातं: "खड्डे बघितलेत का?"

खड्डे मी बघितलेत. म्हणूनच सांगतो, खड्डा म्हणजे ऑफ-रोड नव्हे. खड्डा हा डांबरी रस्ताच, फक्त मधेच संपलेला.

खड्ड्यात टायर मरतो तो कसा, हे एकदा नीट पाहायला हवं. चाक आत पडतं आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आदळतं. त्या क्षणी टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, रिमची कडा आणि डांबराची कडा यांच्यात अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडते. आतले धागे तुटतात आणि रबर वरून शाबूत राहतं. दोन दिवसांनी तिथे लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आला की टायर गेला, त्याला औषध नाही. या सगळ्या प्रकारात जमिनीला टेकणाऱ्या नक्षीचा काही संबंधच येत नाही. इथे वाचवतात तीन गोष्टी: हवा बरोबर असणं, वेग कमी असणं आणि साइडवॉलची उंची. २३५/६५ आर १७ या टायरची साइडवॉल जवळजवळ १५३ मिलिमीटर असते. तीच गाडी वरच्या मॉडेलमध्ये २३५/६० आर १८ वर येते तेव्हा ती १४१ वर उतरते. बाहेरून चाक तेवढंच, पण मधली १२ मिलिमीटरची गादी रिमने खाल्लेली. खड्ड्यांना भिऊन ए-टी घेणारा माणूस शोरूममध्ये मात्र मोठ्या रिमवरच भाळलेला असतो.

तेव्हा फक्त खड्डे हीच तक्रार असेल, तर एच-टी, म्हणजे हायवे टेरेन घ्या, दर पंधरवड्याला टायर थंड असताना हवा तपासा आणि सल्लागार मंडळाला चहा पाजून घरी पाठवा.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे आत वळून. महिन्यातून दोन फेऱ्या. एका बाजूला साधारण ७० किलोमीटर डांबर आणि शेवटचे ६ किलोमीटर "खडीकरण झालं, डांबरीकरण बाकी". (या दोन करणांच्या मधे किमान एक निवडणूक बसते.) बाकी महिनाभर गाडी ठाण्यातच, ६०० किलोमीटर. काकू बँकेतून निवृत्त, त्यांनी भाजीच्या पावतीमागे हिशोब मांडला: महिन्याचे एकूण ९०४ किलोमीटर, त्यात कच्चे २४. पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत.

"पावणेतीन टक्क्यांसाठी पाचही टायर बदलायचे?" काकू म्हणाल्या.

टक्केवारीने पाहिलं तर काकूंचं बरोबर होतं. अडचण एवढीच, की त्या २४ किलोमीटरांत काकांचे दीड वर्षात दोन टायर गेले होते आणि उरलेल्या ८८० मध्ये एकही नाही. दोन्ही वेळा पंक्चरवाल्याने बोट लावून एकच वाक्य ऐकवलं: "साइड कट आहे, साहेब. टायर गेला."

खडीकरणाच्या रस्त्याची ही खोड आहे. सुपारीपेक्षा मोठी, कधी दोन-अडीच इंचांची फोडलेली काळ्या दगडाची खडी पसरतात, वर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवतात. सुरुवातीला रस्ता छान असतो. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि खडी उघडी पडते. नदीचा गोटा टायरला काही करत नाही. क्रशरमधून आलेल्या काळ्या दगडाला मात्र विळीसारखी धार असते. चाक खडीवरून जाताना दगड कलतो आणि त्याची धार नक्षी जिथे संपते आणि बाजू जिथे सुरू होते, त्या खांद्याला लागते. एच-टीचा खांदा गुळगुळीत आणि बाजू पातळ असते, कारण तो हलका आणि शांत चालावा म्हणून बनवलेला असतो. ए-टीच्या नक्षीचे ठोकळे खांद्यावरून खाली बाजूवर उतरतात, रबर सहजी न चिरणारं असतं, काहींच्या साइडवॉलमध्ये धाग्यांचा एक थर जास्त असतो. दगड आधी ठोकळ्याला लागतो. ठोकळ्याचा टवका उडतो, टायर वाचतो. नक्षीच्या भागातलं खिळ्याचं भोक दुरुस्त होतं, बाजूचा काप होत नाही. म्हणून अंतर मोजण्याआधी आपले टायर कशाने मरतात, ते पाहावं.

ते पाहायलाही गाडी लिफ्टवर चढवावी लागते, कारण आपण टायरची बाहेरचीच बाजू बघतो. काकांच्या उरलेल्या टायरांची आतली बाजू पाहिली, तर मांजराने ओरबाडल्यासारख्या आडव्या रेघा. एका चिरेत नखाचं टोक जात होतं. बाहेरून टायर अगदी लग्नाला निघाल्यासारखा.

म्हणजे काकांना ए-टी हवेत, हे ठरलं. पण ए-टी फुकट काही देत नाही. बहुतेक ए-टी वजनाने जड, त्यामुळे डिझेल थोडं जास्त. आणि मुख्य म्हणजे ओल्या रस्त्यावरचा ब्रेक. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: खोल नक्षी म्हणजे पावसात चांगली पकड. साचलेल्या पाण्यातून जाताना खोल चर पाणी बाहेर फेकतात, हे खरं. पण जूनच्या पहिल्या सरीनंतर सिमेंटच्या रस्त्यावर धूळ, तेल आणि पाणी यांचा जो पातळ थर बसतो, त्यावर रबर किती टेकतं आणि किती मऊ आहे, याला किंमत. ए-टीत चर रुंद म्हणून टेकणारं रबर कमी, ठोकळे ब्रेक मारताना डुलतात आणि रबर कापाला टिकावं म्हणून बनवलेलं. त्यामुळे साधारणपणे एच-टीपेक्षा गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. माजिवड्याच्या सिग्नलला ते "थोडं पुढे" म्हणजे पुढच्या रिक्षाची डिकी. काकांना पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सवय आहे, म्हणून हा सौदा चालला. ज्याला नाही, त्याने एच-टी घेऊन ६ किलोमीटर चालत जावं.

चिखलाचं काय, हाही प्रश्न आलाच. जुलैमध्ये भातखाचरांच्या कडेच्या पायवाटेवरची चिकण माती ए-टीच्या चरांत दोन मिनिटांत बसते आणि मग पुरणाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत टायर उरतो. तिथे ए-टी आणि एच-टी दोघेही सारखेच उभे राहतात, फक्त ए-टीवाला जास्त आत जाऊन रुततो. काकांच्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. नक्षी बदलल्याने तो चारही चाकांना जाऊ लागत नाही.

दुकानात गेल्यावर दुकानदाराने (ते सगळे नक्षीला, म्हणजे ट्रेडला, "थ्रेड" म्हणतात, आपण दुरुस्त करू नये) सर्वांत दांडगा टायर पुढे ओढला. मापाच्या आधी एल-टी ही अक्षरं. हा सामान वाहणाऱ्या पिकअपसाठीचा टायर. आणखी जड, आणखी कडक, आणि तेवढंच वजन पेलायला दारावरच्या स्टिकरपेक्षा जास्त हवा मागणारा. चार माणसं आणि तांदळाचं एक पोतं यासाठी तो घेतला, तर गावापर्यंत मणके मोजता येतात. काकांनी मूळ मापाचाच साधा ए-टी घेतला. मापापुढचा १०४ हा आकडा तपासला, म्हणजे एका टायरवर ९०० किलो. जुन्या टायरवर असेल त्यापेक्षा हा आकडा कमी नको. दुकानदाराने "सत्तर टाका, गाडी उंच दिसेल" असंही सुचवलं. २३५/६५ च्या जागी २३५/७० घेतला की चाक सव्वातीन टक्क्यांनी मोठं होतं. काटा ८० दाखवत असेल तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीच किलोमीटर जास्त वेगाने पळते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासायची शक्यता वेगळी. नको. मग चारही टायरवरचे शेवटचे चार अंक वाचले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

"चारच का वाचले?" काकूंनी विचारलं. "पाच आहेत ना?"

पाचवा टायर म्हणजे स्टेपनी. इथे नव्वद टक्के लोक काटकसर करतात, असं मी अंदाजानेच म्हणतो, पण पैज लावायला तयार आहे. चार नवे ए-टी आणि स्टेपनीला जुना झिजका एच-टी. नव्या ए-टीची नक्षी ११ मिलिमीटर आणि जुन्याची ३ उरली असेल, तर व्यासात १६ मिलिमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त फरक. पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायला चालतं. पण तो इंजिनाचा जोर जाणाऱ्या चाकाच्या जागी लावून महिनाभर फिरलं, तर वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही वळत राहतं. आणि चारचाकी जोर लावायची सोय असलेल्या गाडीत असा जोड लावून तो गिअर टाकायचाच नाही. काकांनी पाच घेतले. आता दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही टायर आलटून पालटून फिरवायचे, म्हणजे पाचही एकत्र म्हातारे होतील.

फिरवायचं आणखी एक कारण आहे, आवाज. ए-टी नवे असताना सत्तरच्या पुढे बारीक गुणगुणतात. न फिरवता पंधरा हजार चालवले की तंबोरा लागतो. तळहात नक्षीवरून आधी पुढे, मग मागे फिरवून पाहा. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर ठोकळे तिरपे झिजायला लागलेत. लोक याला बेअरिंगचा आवाज समजून बेअरिंग बदलतात. आवाज तसाच राहतो, बिल मात्र नवं येतं.

काका आता टोकावड्याच्या अलीकडे वळले की थांबतात, ३३ ची हवा २८ वर आणतात आणि वीसच्या वेगाने जातात. यापेक्षा कमी केली, तर बाजू बाहेर फुगते आणि खडीला आयती मिळते. परत डांबर लागलं की बारा व्होल्टच्या पंपाने पुन्हा ३३. पंपाचा आवाज पंचक्रोशीत ऐकू जातो आणि पोरं जमतात.

टायर बसवताना शेवटचा वाद उरला होता. एका बाजूला उठावदार पांढरी अक्षरं, दुसऱ्या बाजूला काळी. काकांना पांढरी बाहेर हवी होती. दुकानदार म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बसतो, बोला." काकूंनी टायरवरून बोट फिरवलं, पार्किंगमधल्या नळाचं पाणी किती वेळ येतं ते आठवलं, आणि म्हणाल्या, "आत."